दोन भागीदारांच्या तडजोडपत्राचा दोन पानी गोषवारा: देणी, ताबा आणि तारखा कशा मांडाव्यात?

शिरोळ_वही (20 जून 2025, सकाळी 10:40)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळचं कांदा-लसूण मसाल्याचं युनिट आहे, भाड्याच्या शेडमध्ये. नोंदणीकृत भागीदारी फर्म, भागीदार दोनच. 'अ' धंदा पुढे चालवणार, 'ब' बाहेर पडणार. 12 जूनला 14 पानांचं तडजोडपत्र झालं, सह्या झाल्या. नियत दिनांक 30 जून 2025.

भांडण आता नाही. पण 14 पानं कुणी रोज उघडून बघत नाही. दोघांनाही दोन पानांत हवं आहे की पैसे कधी, कुणी काय कुणाच्या ताब्यात द्यायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत. मी कलमांच्या क्रमाने उतरवायला घेतलं, पण बसत नाही. मुख्य कलमं अशी:

कलम 3: 'ब'चं येणं 18,40,000. त्यात भांडवल 11,20,000, नावलौकिकाचा हिस्सा 6,00,000, जूनअखेरचा थकलेला पगार 1,20,000. त्यातून उचल 1,15,000 वजा, निव्वळ 17,25,000.
कलम 4: सहीच्या दिवशी 3,00,000 (दिले). 'ब'ने सर्व कागदपत्रं व चाव्या सुपूर्द केल्यापासून 15 दिवसांत 4,25,000.
कलम 5: उरलेले 10,00,000 दरमहा 1,00,000 प्रमाणे, नियत दिनांकानंतरच्या पुढील महिन्याच्या 5 तारखेपासून. फर्मच्या खात्याचे 10 चेक दिले आहेत, पण तारखा कोऱ्या ठेवल्यात.
कलम 7: टेम्पो 'ब'च्या नावे झाल्यावर 7 दिवसांत 'ब' सर्व कागदपत्रं, चाव्या, संगणक सुपूर्द करेल.
कलम 8: 4,25,000 अदा केल्यावर 10 दिवसांत 'अ' टेम्पोचं कर्ज फेडून तो 'ब'च्या नावे करून देईल.
कलम 9: 30 जूनला मालाची मोजदाद. वहीतला माल 6,20,000. फरक 5 टक्क्यांहून जास्त आल्यास निम्मा फरक शेवटच्या हप्त्यात.
कलम 12: फर्मचं चालू खातं 31 ऑगस्टपर्यंत बंद.
कलम 13: हप्ता 7 दिवसांहून जास्त लांबल्यास दरसाल 12 टक्के व्याज. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर सगळी बाकी एकदम देय.
कलम 15: 'ब' दोन वर्षं 25 किलोमीटरच्या आत हाच धंदा करणार नाही.

बाकी नेहमीची वाक्यं आहेत. गोषवारा कसा मांडावा?

---

आबा_पाटणकर (11:25)

सोपं आहे. एका बाजूला 'अ'ने काय द्यायचं, दुसऱ्या बाजूला 'ब'ने काय द्यायचं, खाली तारखा. दोन भागीदारांत एक निवृत्त झाला म्हणजे फर्म 'अ'ची झाली, जीएसटी नंबर तोच राहतो. मराठी पेपरात जाहीर नोटीस द्या, म्हणजे 'ब'ची बँकेची जबाबदारीही सुटली. चार ओळी कमी झाल्या की नाही?

---

मानसी_हिशोब (12:10)

आबा, नोटिशीचं तुम्ही अर्धं बरोबर सांगताय. नोटीस लागतेच, आणि नोंदणीकृत फर्म असल्यामुळे निबंधकांकडे सूचना, राजपत्र आणि स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र असं तिन्ही ठिकाणी ती जायला हवी. त्याने पुढच्या व्यवहारांची जबाबदारी थांबते. पण बँकेच्या सीसी लिमिटला, म्हणजे धंद्याच्या फिरत्या कर्जाला, 'ब'ने वैयक्तिक जामीन दिला असेल, तर तो बँकेशी केलेला वेगळा करार आहे. पेपरातल्या नोटिशीने किंवा या दोघांच्या तडजोडीने बँक बांधली जात नाही. बँकेने लेखी मुक्त केल्याशिवाय जामीन उभाच राहतो. शिरोळ, तुमच्या पत्रात याचं कलम दिसत नाही. सीसी आहे का?

आणि फर्मचं म्हणाल तर भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. दोनातला एक गेला की फर्म विसर्जित होते. 'अ' पुढे करेल ती प्रोप्रायटरी. पॅन वेगळा, म्हणून जीएसटी क्रमांक नवा. त्यामुळे ओळी कमी न होता चार वाढतात.

आता मूळ प्रश्न. कलमांच्या क्रमाने उतरवू नका. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे कशामुळे सुरू होतं? काही गोष्टी कॅलेंडरवरच्या तारखेने सुरू होतात, उदाहरणार्थ 31 ऑगस्टला खातं बंद. काही दुसऱ्या कुणीतरी काहीतरी केल्यावरच सुरू होतात, उदाहरणार्थ सुपूर्द केल्यापासून 15 दिवस. या दुसऱ्या प्रकाराच्या ओळीत तारखेच्या रकान्यात तारीख लिहू नका, 'कशापासून' ते लिहा. ती गोष्ट घडली की दोघांनी मिळून तारीख भरायची.

तुमच्या 4, 7 आणि 8 या तीन कलमांत बाण काढून बघा. 4,25,000 कधी? कागदपत्रं मिळाल्यावर. कागदपत्रं कधी? टेम्पो नावावर झाल्यावर. टेम्पो कधी? 4,25,000 दिल्यावर. बाण गोल फिरतो. तिन्ही कलमं एकेकटी वाचली तर रास्त वाटतात, म्हणून 14 पानांत कुणाच्या लक्षात आलं नाही. असंच ठेवलं तर एकही गोष्ट सुरू होणार नाही आणि करार मोडला असंही कुणाला म्हणता येणार नाही.

---

शिरोळ_वही (12:50)

बाण काढले. खरंच गोल आहे. सीसी 8 लाखांची आहे आणि दोघेही जामीनदार आहेत. कलम 11 मध्ये एवढंच आहे: 'बँकेच्या सर्व देण्याची जबाबदारी अ ची राहील.'

---

मानसी_हिशोब (13:30)

हे कलम फक्त दोघांपुरतं आहे. उद्या 'अ'ने सीसी थकवली तर बँक 'ब'च्या दारात येईल, आणि 'ब'ला पैसे भरून मग 'अ'कडून वसूल करावे लागतील. गोषवाऱ्यात कलमात नसलेलं काही घुसवता येत नाही, पण 'करारात तारीख नाही' असं मोकळेपणी लिहिता येतं. अशा ओळींचा स्वतंत्र भाग करा. दोघांच्या डोळ्यांसमोर ते आलं की पुरवणी करारात सोडवता येईल.

गोल तोडायला सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग: तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच टेबलावर. टेम्पोचं किती बाकी आहे?

---

शिरोळ_वही (13:42)

1,38,000. टेम्पो सध्या 'ब'कडेच उभा असतो, आरसीवर नाव फर्मचं.

---

मानसी_हिशोब (14:20)

मग क्रम असा. 'अ' आधी कर्ज फेडून वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा सही केलेला फॉर्म 35 आणतो. याला काही दिवस लागतात, म्हणून हे टेबलाच्या दिवसाआधीचं काम. टेबलाच्या दिवशी फर्मतर्फे सही केलेले नावबदलाचे फॉर्म 29 आणि 30 'ब'च्या हातात, कागदपत्रं-चाव्या-संगणक 'अ'च्या हातात, 4,25,000 तिथेच आरटीजीएसने. नाव प्रत्यक्ष आरसीवर चढायला आरटीओचा वेळ लागेल. म्हणून 'टेम्पो नावे झाल्यावर' याऐवजी 'फॉर्म 29, 30, 35 सुपूर्द झाल्यावर' अशी पुरवणी दोघांनी सही करून घ्यावी. एका पानाची पुरवणी पुरते.

---

गंधाली_क (15:05)

फारकतपत्राचा नमुना हवा असेल तर दस्तलेखकाकडे तयार मिळतो, 500 च्या स्टॅम्पवर होतो. एवढा काथ्याकूट कशाला?

---

शिरोळ_वही (15:15)

ताई, दस्त झालेला आहे. त्याचा गोषवारा करायचाय.

---

कोर्टकचेरी (15:40)

गंधालीताईंच्या मुद्द्याला एक पुस्ती. महाराष्ट्रात 500 रुपये तेव्हाच, जेव्हा एका भागीदाराने आणलेली मालमत्ता दुसऱ्याच्या वाट्याला जात नाही. तशी गेली तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. इथे शेड भाड्याची आहे, तरी यंत्रं मुळात कुणी आणली होती ते दस्तात बघून घ्या.

गोषवाऱ्याबद्दल माझा आग्रह असा की त्यावर दोघांच्या सह्या घेऊ नका. सही केलेला गोषवारा म्हणजे नवा करार, असा युक्तिवाद उद्या होऊ शकतो. गोषवाऱ्यात 5 जुलै लिहिलं आणि मूळ पत्रातून 5 ऑगस्ट निघालं, तर कोर्टात कोणता कागद खरा?

---

मानसी_हिशोब (16:15)

वकीलसाहेब, इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सही नसेल तर सहा महिन्यांनी 'हे मी बघितलंच नव्हतं' असं ऐकू येतं. माथ्यावर 'मूळ तडजोडपत्र दि. 12 जून 2025 हेच प्रमाण, फरक आढळल्यास तेच लागू' अशी ओळ आणि खाली 'वाचले' एवढ्यापुरत्या सह्या. तुम्हाला हे पुरेसं वाटत नसेल तर मी हट्ट धरणार नाही.

पण 5 जुलै की 5 ऑगस्ट, हा प्रश्न खरंच उभा आहे. 'नियत दिनांकानंतरच्या पुढील महिन्याच्या 5 तारखेपासून.' नियत दिनांक 30 जून. त्यानंतरचा महिना जुलै. त्याच्या 'पुढील' ऑगस्ट? की 'नंतरच्या' आणि 'पुढील' ही एकाच अर्थाची द्विरुक्ती? पहिला अर्थ घेतला तर शेवटचा हप्ता 5 मे 2026, दुसरा घेतला तर 5 एप्रिल 2026. चेक कोरे असल्यामुळे त्यावरूनही कळणार नाही. गोषवारा करणाऱ्याने स्वतःच्या मनाने एक अर्थ निवडायचा नाही. दोन्ही तारखा लिहा, समोर 'दोघांनी ठरवणे, 30 जूनपूर्वी'.

---

आबा_पाटणकर (17:00)

जीएसटी नंबरचं मान्य, मी चुकीचं सांगितलं. पण चेकचं मी सांगतो, धंद्यात आयुष्य गेलं. चेक फर्मच्या खात्याचे आहेत आणि कलम 12 म्हणतं खातं 31 ऑगस्टला बंद. मग सप्टेंबरपासूनचे चेक कुठे वटणार?

---

मानसी_हिशोब (17:20)

अगदी नेमकं पकडलंत, आबा. ही ओळ गोषवाऱ्यात सगळ्यात वर जायला हवी. 'अ'ने नव्या प्रोप्रायटरी खात्याचे, तारीख घातलेले चेक द्यायचे आणि जुने चेक नंबर लिहून परत घ्यायचे, खातं बंद व्हायच्या आत. अदलाबदल एकाच बैठकीत. जुना चेक 'ब'कडे राहिला आणि नवाही मिळाला, तर एकाच हप्त्याचे दोन चेक फिरतात.

तारखांबद्दल आणखी थोडं. 5 ऑक्टोबर 2025 ला रविवार आहे आणि 5 नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची बँकसुट्टी. चेक दुसऱ्या दिवशी टाकला जाईल. 7 दिवसांच्या मुभेत ते बसतं, म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त ओळीत नोंद ठेवा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, हे 'ब'च्या बाजूला लिहा.

कलम 13 मधलं व्याज कुठून मोजायचं हेही संदिग्ध आहे. 1,00,000 चा हप्ता 20 दिवस उशिरा आला तर देय तारखेपासून व्याज साधारण 658 रुपये, मुभेचे 7 दिवस सोडले तर 427. रक्कम लहान आहे, पण माणसं अशाच रकमेवर अडतात.

---

कोर्टकचेरी (17:50)

'ब'साठी अजून एक नोंद: चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस. हे करारात नाही, कायद्यात आहे, म्हणून वेगळ्या शाईत लिहा.

---

सुगरण_उद्योग (18:30)

मी मैत्रिणीबरोबर दिवाळी फराळाचं काम करते, लेखी काहीच नाही, आणि आम्हीही वेगळ्या होतोय. हे सगळं वाचून धडकी भरली. माझा प्रश्न वेगळा आहे. छापील पाकिटांचं काय होतं? आमच्याकडे खूप पडलीत आणि त्यावर दोघींचं नाव आहे.

---

मानसी_हिशोब (19:10)

सुगरणताई, तुमच्यासाठी आधी लेखी हिशोब, मग पाकिटं. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. पण तुमच्या प्रश्नाने शिरोळच्या गोषवाऱ्यातलं मोठं भगदाड दिसलं.

शिरोळ, 6,20,000 च्या मालात छापील पाऊच रोल धरलेत का?

---

शिरोळ_वही (19:25)

हो. 84,000 चे. 200 ग्रॅम आणि 500 ग्रॅमचे रोल, फर्मचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक छापलेले.

---

मानसी_हिशोब (19:55)

मग बघा. अन्न परवाना फर्मच्या नावावर आहे. तो कराराने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, 'अ'ला प्रोप्रायटर म्हणून नवा घ्यावा लागेल, म्हणजे क्रमांक नवा. जुन्या क्रमांकाचे, विसर्जित फर्मच्या नावाचे रोल नव्या धंद्यात तसेच वापरता येणार नाहीत. मग 30 जूनच्या मोजदादीत ते 84,000 चे धरायचे की शून्य?

शून्य धरले तर फरक 84,000. 6,20,000 चे 5 टक्के म्हणजे 31,000, फरक त्याहून जास्त, म्हणून कलम 9 लागू. निम्मा फरक 42,000, म्हणजे 'ब'चा शेवटचा हप्ता 1,00,000 चा 58,000 होतो. आणि कुणी म्हणालं की 31,000 च्या वरच्याच फरकाचा निम्मा घ्यायचा, तर 26,500 वजा. पैशाच्या कलमात कुठेही रोलचं नाव नाही, तरी शेवटचा हप्ता रोलवर ठरतोय. गोषवाऱ्यात शेवटच्या हप्त्यासमोर 1,00,000 असं ठाम लिहू नका. '1,00,000, कलम 9 प्रमाणे कमी-जास्त' असं लिहा. मोजदादीच्या पत्रकात रोलची ओळ वेगळी काढा: किती रोल, किती किलो, कोणत्या भावाने.

रकमेचा आणखी एक फरक आहे. 18,40,000 मधला 1,20,000 हा पगार आहे. 1 एप्रिल 2025 पासून फर्मने भागीदाराला दिलेल्या पगार-व्याजावर, वर्षाला 20,000 च्या वर गेलं की, 10 टक्के कर कापावा लागतो. म्हणजे 12,000. भांडवलाच्या परतफेडीवर ही कपात नाही. 'ब'च्या हाती 17,13,000 येतील आणि 12,000 त्याच्या नावे सरकारात. 3,00,000 पूर्ण दिलेत, म्हणून ही कपात 4,25,000 मधून दाखवावी लागेल. पगार जूनमध्ये खात्यावर जमा केला तर भरणा 7 जुलैपर्यंत. हे आधी लिहिलं नाही तर त्या टेबलावर 4,13,000 बघून 'ब' उठून जाईल.

नावलौकिकाच्या रकमेवर फर्मच्या हाती कर येतो का, ते तुमच्या सीएंकडून ताळेबंद दाखवूनच ठरवा. इथे आकड्यांशिवाय कुणी सांगू नये.

---

शिरोळ_वही (21 जून 2025, सकाळी 9:30)

रात्री बसून पहिला खर्डा केला. पहिला भाग टाकतो.

माथा: मूळ तडजोडपत्र दि. 12 जून 2025 हेच प्रमाण.

1. 'अ'कडून 'ब'ला पैसे
3,00,000 | 12 जून 2025 | दिले | कलम 4
4,25,000, पैकी 12,000 करकपात, हाती 4,13,000 | ताबा पूर्ण झाल्यापासून 15 दिवस | तारीख: ____ | कलम 4
1,00,000 × 9 | दरमहा 5 तारीख, सुरुवात जुलै की ऑगस्ट हे ठरवणे | कलम 5
शेवटचा 1,00,000, कलम 9 प्रमाणे कमी-जास्त | 5 एप्रिल किंवा 5 मे 2026
ताळा: 3,00,000 + 4,25,000 + 10,00,000 = 17,25,000

2. 'ब'कडून 'अ'ला ताबा
शेडच्या चाव्या 3 संच, संगणक, विक्री-खरेदी वह्या, चेकबुकं, येणेकऱ्यांची यादी, जीएसटीचा युजरनेम-पासवर्ड

3. 'अ'ने करायची कामं
टेम्पोचं कर्ज, फॉर्म 29/30/35, चेक बदलून देणं, खातं बंद

4. करारात तारीख नाही
बँकेची जामीनमुक्ती, पाऊच रोल

---

मानसी_हिशोब (10:15)

ताळ्याची ओळ घातलीत, छान. दुसऱ्या भागात 'वह्या' एवढं पुरणार नाही. कोणत्या वर्षांच्या, किती, ते लिहा आणि प्रत्येक वस्तूसमोर 'मिळाली, तारीख, सही' असा रकाना ठेवा. कलम 4 चे 15 दिवस शेवटची वस्तू मिळाल्यावर सुरू होतात. एक चावी राहिली म्हणून 'ताबा अपूर्ण' म्हणत 4,25,000 अडवता येतील, आणि उलट एक वही नसतानाही 'ब' घड्याळ सुरू झालं म्हणेल. वस्तुवार ताबेपावती असली की हा वाद उरत नाही.

पासवर्डचंही तसंच. जीएसटी पोर्टलवर मोबाईल कुणाचा नोंदलाय?

---

शिरोळ_वही (10:22)

'ब'चा. अधिकृत सही करणाराही तोच.

---

मानसी_हिशोब (10:50)

म्हणजे पासवर्ड देऊन काही होत नाही, ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. आणि हे काम लांबणारं आहे. सुरक्षित क्रम असा: 'अ' नवी नोंदणी घेतो, मग जुन्या नोंदणीतून शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 ने नव्यात जातं, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं, 'अ' नव्या लॉगिनमधून ते स्वीकारतो, आणि त्यानंतरच जुनी रद्द करायचा अर्ज. आधी रद्द केलीत तर क्रेडिट अडकण्याचा धोका आहे. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरण, जीएसटीआर-10. यातल्या जुन्या नोंदणीच्या प्रत्येक पायरीला 'ब'चा ओटीपी लागेल, त्याचा हिशोब मिटल्यावरसुद्धा. म्हणून तिसऱ्या भागानंतर एक भाग वाढवा: 'ताबा दिल्यानंतरही 'ब'ने करायचं'. त्यात हे, फर्मनिबंधकांच्या अर्जावरची सही, आणि कलम 15 ची बंदी, शेवटची तारीख 30 जून 2027. दोन वर्षं सहीपासून की नियत दिनांकापासून, ते मूळ कलमात एकदा तपासा.

---

कोर्टकचेरी (11:20)

मूळ कलमात 'या तारखेपासून' असं असेल तर ते 12 जून होईल. ते शब्द इथे टाका, मग बोलू. सहीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. पुरवणी करार होणारच आहे, तर हप्त्याची सुरुवात, रोल आणि जामीन हे तिन्ही त्यातच सहीनिशी घाला. गोषवारा बिनसहीचा राहू दे.

---

शिरोळ_वही (11:45)

कलम 15 चे शब्द: 'सदर तारखेपासून दोन वर्षे.' त्याच्या आधीच्या वाक्यात 12 जून आणि 30 जून दोन्ही आहेत. पुरवणीच्या यादीत चौथा मुद्दा म्हणून टाकतो. सोमवारी 23 तारखेला दोघे बसणार आहेत. बँकेच्या शाखेत जामिनाचं विचारायला 'अ' आजच अर्ज देतोय.